चार मिलिमीटरचा चेहरा

वेल्हे तालुक्यातल्या, पुढे पानशेतच्या पाण्याखाली गेलेल्या एखाद्या गावच्या शाळेचा ग्रुप फोटो डोळ्यांसमोर आणावा. आकार पोस्टकार्डाएवढा, म्हणजे चौदा सेंटिमीटर बाय नऊ. तीन रांगांत चाळीसेक मुले, मधोमध खुर्चीवर गुरुजी. खाली मांडी घालून बसलेल्या एका मुलाच्या हातात पाटी आहे आणि पाटीवर खडूने इयत्ता आणि साल लिहिले आहे. कागद पिवळा पडला आहे, एका कोपऱ्याला ओल लागली आहे. यातला प्रत्येक चेहरा रुंदीला चार मिलिमीटर भरतो. ज्वारीचा दाणा तेवढा असतो.

या दाण्याएवढ्या चेहऱ्यात नातवाला आजोबा शोधायचे असतात. गाव पाण्यात, शाळेची इमारत पाण्यात, आजोबांचा लहानपणचा दुसरा फोटो नाही. असा फोटो आज कॉम्प्युटरवर टाकला, की मिनिटभरात तो चौपट मोठा आणि लख्ख होऊन समोर येतो. डोळ्यांना पापण्या येतात, सदऱ्याला वीण येते, गुरुजींच्या टोपीची घडी स्पष्ट दिसते. घरातली माणसे हरखून जातात. पण त्या पापण्या फोटोत होत्या की मॉडेलने आणल्या, हा प्रश्न तेव्हाच विचारावा लागतो. तो कसा विचारायचा आणि त्याचे उत्तर कुठवर मिळते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वर घेतलेला फोटो नमुन्यादाखल कल्पिलेला आहे, पण तशा फोटोची गरज या भागात कल्पित नाही. भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे धरणांचे तालुके आहेत. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२७ साली पुरे झाले, तेव्हा भोर पंतसचिवांचे संस्थान होते. आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुण्यातल्या पुराची आठवण त्या तारखेला निघते. पण धरण पुन्हा बांधले गेले आणि खोऱ्यातली जुनी गावठाणे पाण्याखालीच राहिली. पुढे वरसगाव झाले, नीरा देवघर झाले, गुंजवणी झाले. गावे उठली आणि माणसे जिथे जागा मिळाली तिथे गेली. सामानाबरोबर गेलेले फोटो मोजके असतात आणि बहुतेक लहान असतात. शाळेचा ग्रुप, जत्रेत पडद्यापुढे काढलेला जोडीचा फोटो, कुठल्याशा अर्जासाठी काढलेला पासपोर्ट, एवढाच तो ऐवज. मूळ निगेटिव्ह तर जवळपास कधीच नसते.

असा फोटो मोठा करून घेणे ही रीत जुनी आहे. घरातले माणूस गेले, की पासपोर्ट फोटो घेऊन स्टुडिओत जायचे. तिथे फोटोची कॉपी निगेटिव्ह काढली जाई, मोठा प्रिंट होई आणि टचिंग करणारा बारीक ब्रशने भुवया, मिशा, केसांचा भांग उचलून काढी. त्याने काढलेली भुवई मूळ भुवई नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक असे. पण तो समोर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला विचारी: कुंकू केवढे लावायच्या, आडवे की गोल? नथ होती का? मॉडेलही भुवई काढते, फरक एवढाच की ते कोणाला विचारत नाही. त्यामुळे विचारण्याचे ते काम आता फोटो मोठा करणाऱ्याला करावे लागते.

मॉडेल नेमके काय करते ते समजून घ्यायला एक साधे गणित पुरते. चौपट मोठे करायचे म्हणजे लांबी चौपट आणि रुंदीही चौपट. मूळच्या एका पिक्सेलच्या जागी सोळा पिक्सेल भरायचे. त्या सोळांची सरासरी काय असावी, एवढेच मूळ फोटो सांगतो. सोळा पिक्सेल आपापसांत कसे वेगळे असावेत, याबद्दल तो गप्प असतो. जुनी पद्धत, म्हणजे फोटोशॉपमधली बायक्युबिक, शेजारच्या पिक्सेलांवरून मधल्या छटा काढते. चित्र मऊ, धुरकट होते, पण त्यात नवे काही येत नाही. सुपर रिझोल्यूशनचे मॉडेल मात्र आधी हजारो चांगले फोटो घेऊन त्यांची लहान, बिघडवलेली रूपे पाहते आणि लहानावरून मोठे ओळखायला शिकते. २०१४ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी मांडलेले एसआरसीएनएन या वाटेवरचे पहिले ठळक नाव. २०१७च्या एसआरजीएएनमध्ये त्यात एक पारखी आला: मोठे केलेले चित्र खऱ्या फोटोसारखे दिसते का, एवढाच निवाडा करणारे दुसरे मॉडेल. पारख्याला फसवता येईपर्यंत पहिल्याला शिकवायचे, ही युक्ती. २०१८चे ईएसआरजीएएन आणि २०२१चे रिअल-ईएसआरजीएएन त्याच घराण्यातले. यातल्या शेवटच्यात शिकवणीचे फोटो मुद्दाम दोनदा बिघडवले जातात: धूसर करणे, आकार बदलणे, दाणे घालणे, जेपेग दाबणे, आणि हे सगळे पुन्हा एकदा. जुन्या, फिरून फिरून आलेल्या फोटोंवर ते बरे चालते ते यामुळेच.

पारख्याची ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढच्या बहुतेक चुका तिच्यातून निघतात. चित्र खऱ्यासारखे दिसावे, हे त्याचे मागणे. ते याच फोटोचे खरे असावे, असे त्याने कधी मागितलेले नसते.

याचे जगभर गाजलेले उदाहरण २०२० सालचे आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाची पद्धत मांडली. १६ बाय १६ पिक्सेलचा धूसर चेहरा घ्यायचा आणि १०२४ बाय १०२४चा ठसठशीत चेहरा द्यायचा. कोणीतरी तिला बराक ओबामांचा ओळखू येणारा, पण चौकटी-चौकटींचा फोटो दिला आणि बाहेर एक गोरा माणूस आला. पुष्कळ वाद झाला. पण त्यातली तांत्रिक बाजू जास्त बोधक आहे. पल्स मुळात अशाच चेहऱ्याच्या शोधात असते, जो लहान केल्यावर दिलेल्या धूसर चित्राशी जुळेल. म्हणजे बाहेर आलेला तो गोरा चेहरा आक्रसला, की मूळच्या चौकटींच्या पुष्कळ जवळ जातो. चेहरा चुकीचा, तरी हिशेब जवळपास बरोबर. दोनशे छप्पन्न पिक्सेलांत बसतील असे चेहरे असंख्य आहेत आणि त्यातला कोणता निवडायचा हे शिकवणीतल्या चेहऱ्यांवरून ठरते.

म्हणून मॉडेल सुरू करण्याआधीचे पहिले काम मूळ कागदाकडे परत जाण्याचे आहे. नातवाच्या मोबाइलवर जो फोटो असतो तो बहुधा फोटोचा काढलेला फोटो, फ्रेमच्या काचेतून, तिरपा, आणि एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरून ६४० पिक्सेल रुंदीला आलेला. चौदा सेंटिमीटरला ६४० पिक्सेल, म्हणजे चार मिलिमीटरच्या चेहऱ्याला अठरा. पाटीवरच्या मिलिमीटरभर उंचीच्या आकड्याला पाच पिक्सेलही मिळत नाहीत. तोच कागद फ्रेममधून सोडवून साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतला, तर तो चेहरा चौऱ्याण्णव पिक्सेलांचा होतो आणि आकडा चोवीस पिक्सेलांचा. ही पाचपट वाढ खरी आहे. त्यातला कण न् कण कागदावर होता. १२०० डीपीआयला पिक्सेल आणखी दुप्पट होतात, पण अशा प्रिंटमध्ये बहुतेक वेळा त्यापुढे कागदाचा पोतच मोठा दिसू लागतो. काच सोडवताना कागद काचेला चिकटलेला असेल, तर मात्र ओढू नये. काचेसकट स्कॅन करावे, नाहीतर चेहऱ्यावरचा थर काचेवरच राहतो.

स्कॅन टिफमध्ये किंवा पीएनजीमध्ये ठेवायचा, जेपेगमध्ये नव्हे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधले धार वाढवण्याचे बटण बंद ठेवायचे. ते धारेच्या दोन्ही बाजूंनी बारीक उजळ-काळी किनार काढते, आणि मॉडेल ती किनार फोटोतलीच समजून जाड करते. मोठे ओरखडे आणि धुळीचे ठिपके हाताने आधी काढावेत, पण चेहऱ्यावरचे नाही. त्याचे कारण पुढे येईलच. फोटो कृष्णधवल असेल तर रंग काढून टाकावा, म्हणजे पिवळेपणाचे डाग मॉडेलच्या हातून रंगीत होत नाहीत. मग एकच ओळ पुरते:

```
realesrgan-ncnn-vulkan -i scan.png -o mothi.png -n realesrgan-x4plus -s 4
```

साध्या लॅपटॉपवर मेमरी पुरत नसेल तर `-t` हा पर्याय वापरून चित्र तुकड्या-तुकड्यांत मोठे करता येते. तुकडे फार लहान ठेवले तर त्यांच्या सांध्यांच्या सरळ रेघा, ठरावीक अंतरावर, आकाशात किंवा भिंतीवर हलक्या उमटतात. हा दोष ओळखायला सगळ्यांत सोपा. बाकीचे सोपे नसतात.

ते ओळखण्याची सगळ्यांत भरवशाची पद्धत भोरमध्येच, दर उन्हाळ्यात, आयती उपलब्ध होते. भाटघरचे पाणी ओसरले, की कांबरे गावाजवळ एरवी बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात. जुन्या फोटोबाबत सगळ्यांत मोठी अडचण अशी, की मोठ्या केलेल्या चित्राशी ताडून बघायला खरे चित्र नसते. असते तर मोठे करायची वेळच आली नसती. पण ज्या वास्तूचा आजचा चांगला फोटो मिळतो, तिच्यावर मॉडेलची परीक्षा घेता येते. पाण्याखालून बाहेर आलेले दगडी काम, भेगाळलेला गाळ, कडेची झुडपे, मागचा डोंगर असा जो मालमसाला जुन्या फोटोंत असतो तोच तिथे समोर असतो.

परीक्षा अशी घ्यायची. मंदिराचा मोबाइलने काढलेला स्पष्ट फोटो घ्यावा आणि त्यातला १६०० पिक्सेल रुंदीचा तुकडा बाजूला ठेवावा. हे उत्तरपत्रिकेचे चित्र. त्याची प्रत कृष्णधवल करावी, थोडी धूसर करावी, ४०० पिक्सेलांवर आणावी आणि कमी दर्जाच्या जेपेगमध्ये साठवावी, म्हणजे ती हातातल्या जुन्या फोटोइतकीच बिघडलेली दिसेल. नुसती लहान केलेली, पण स्वच्छ राहिलेली प्रत परीक्षेला चालत नाही. ती सोपी पडते आणि मॉडेल उगाच हुशार वाटते. मग त्या ४०० पिक्सेलांच्या प्रतीला चौपट करावे आणि उत्तरपत्रिकेवर ठेवून, एक चित्र दाखवत-लपवत, शंभर टक्के आकारात इंच-इंच पाहावे.

मंदिराच्या बाह्यरेषा, दाराची चौकट, पायऱ्यांच्या कडा बहुतेक जागच्या जागी येतात. मोठ्या, सरळ, उठावाच्या गोष्टी लहान चित्रातही शिल्लक असतात. दगडांचे सांधे बघायला गेले की गडबड दिसू लागते. लहान प्रतीत ज्या सांध्याला दोन-तीन पिक्सेल होते तो नीट येतो. ज्याला अर्धा पिक्सेल होता तो एकतर पुसला जातो किंवा भलतीकडे वळतो, आणि दोन दगडांचा एक होतो. झुडपांची पाने चित्रकाराने ब्रश टेकवल्यासारखी, सारख्या लांबीची होतात. गाळाच्या भेगा अनेकदा गुळगुळीत होऊन चामड्यासारख्या दिसतात. दूरच्या डोंगराचे कडे छान कोरीव दिसतात. पण ते कोरीवपण उत्तरपत्रिकेत नसते. अशी तासभर तपासणी केली, की या मॉडेलचा या प्रकारच्या फोटोवर कितपत भरवसा धरायचा याचे माप हाताशी येते: किती पिक्सेलांपर्यंतचा तपशील ते राखते आणि कुठून पुढे रचू लागते. भोरच्या राजवाड्याच्या जुन्या फोटोबाबतही हेच करता येते. वाडा उभा आहे, त्याचे खांब आणि खिडक्या जाऊन मोजता येतात.

चेहऱ्याची परीक्षा मात्र अशी होत नाही.

ग्रुप फोटोतले चेहरे रिअल-ईएसआरजीएएनने नुसते मोठे केले तर बरेचदा मेणाचे दिसतात, डोळे विषम होतात. म्हणून बहुतेक तयार सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांसाठी वेगळे मॉडेल जोडलेले असते: २०२१चे जीएफपीगॅन किंवा २०२२चे कोडफॉर्मर. ती चेहरा शोधतात, कापून ५१२ पिक्सेलांच्या चौकटीत आणतात, सुधारतात आणि पुन्हा जागेवर चिकटवतात. त्यांची शिकवणी एफएफएचक्यू नावाच्या सत्तर हजार चेहऱ्यांच्या संग्रहावर झालेली आहे. तो संग्रह फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून जमवलेला. तिथे आजच्या कॅमेऱ्याने काढलेले चेहरे भरपूर आहेत, आणि बहुतेक हसरे. कपाळावर, हनुवटीवर गोंदण असलेली मावळातली म्हातारी त्यांच्यात शोधावी लागेल.

म्हणून आजीचा पासपोर्ट फोटो घ्यावा आणि जवळून पाहावा. साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा तो कागद, साडेतीनशे पिक्सेलांत आलेला. हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका कागदावर तीन दशांश मिलिमीटरचा, म्हणजे तीन पिक्सेलांचा. धुळीचा कणही तेवढाच असतो. चेहऱ्याच्या मॉडेलच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, आणि डाग काढणे हेच त्याला शिकवलेले. त्यामुळे गोंदण पुष्कळदा साफ होते. कपाळावरचे आडवे कुंकू उजळून कातडीच्या छटेत मिसळते किंवा त्याची सुरकुती होते. नाकातली नथ किंवा चमकी नाकपुडीची सावली बनते. सुरकुत्या कमी होऊन आजी पन्नाशीची दिसते आणि ओठांच्या फटीतून कधीही न दिसलेले सारखे दात येतात. या चुका विद्रूप असत्या तर कोणीही पकडल्या असत्या. त्या सुंदर असतात आणि म्हणून फ्रेममध्ये जाऊन बसतात. चेहऱ्यावरचे डाग आधी हाताने काढू नयेत असे वर म्हटले ते याचसाठी: कोणता ठिपका धूळ आणि कोणता गोंदण हे घरच्या माणसाने सांगेपर्यंत हात लावायचा नाही.

कोडफॉर्मरमध्ये ० ते १ असा एक आकडा असतो, `w` नावाचा. तो १कडे नेला तर मॉडेल दिलेल्या चेहऱ्याला धरून राहते, ०कडे नेला तर स्वतःच्या कल्पनेतल्या सुबक चेहऱ्याकडे सरकते. एकच चेहरा ०.२, ०.६ आणि १ वर काढून तिन्ही शेजारी ठेवावेत. तिन्हींत जे सारखे राहते त्याला मूळ फोटोत आधार असण्याची शक्यता जास्त. डोळ्यांतले अंतर आणि जबड्याची ठेवण सहसा राहते. पापण्या, ओठांची कड, बुबुळातली चमक बदलत जाते. अठरा पिक्सेलांच्या चेहऱ्यावर तर आणखी एक गोष्ट दिसते. ग्रुपमधली चार मुले भावंडांसारखी दिसू लागतात, कारण चौघांनाही तेच डोळे मिळालेले असतात. इतक्या लहान चेहऱ्यांवर चेहऱ्याचे मॉडेल चालवूच नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. धूसर आजोबा आजोबाच असतात. स्पष्ट केलेला मुलगा दुसऱ्याच कोणाचा तरी असू शकतो.

कॉम्प्युटरवर करण्याजोग्या दोन तपासण्या आहेत. दोन्हींना `ImageMagick` पुरते. पहिली, मोठे केलेले चित्र पुन्हा लहान करून मूळ स्कॅनशी ताडणे:

```
magick mothi.png -filter Box -resize 25% parat.png
magick compare -fuzz 5% -metric RMSE scan.png parat.png farak1.png
```

जिथे फरक आहे ती जागा फरकाच्या चित्रात रंगून येते. सगळीकडे विखुरलेले बारीक दाणे आले तर चिंता नाही. तो मॉडेलने पुसलेला कागदाचा पोत. पण फरकाच्या चित्रात चेहऱ्याचा आकार, सदऱ्याची कड किंवा पाटीवरची अक्षरे ओळखू येत असतील, तर त्या जागी मॉडेलने फोटोत असलेले काहीतरी बदलले आहे. गोंदण पुसले गेले असेल तर तो ठिपका इथे हमखास सापडतो. या तपासणीची मर्यादा पल्सच्या गोष्टीत आलीच आहे. जुळले नाही तर चूक नक्की. जुळले म्हणजे बरोबर असे मात्र नाही.

दुसरी तपासणी आरशाची. स्कॅन उजवे-डावे उलटा करून मोठा करायचा, परत सुलटा करायचा आणि पहिल्या चित्रातून वजा करायचा:

```
magick scan.png -flop ulat.png
realesrgan-ncnn-vulkan -i ulat.png -o m2.png -n realesrgan-x4plus -s 4
magick m2.png -flop m2s.png
magick mothi.png m2s.png -compose difference -composite -auto-level farak2.png
```

फोटोत तपशील खरोखर असेल तर आरशातही तो तसाच निघायला हवा. जिथे दोन चित्रे भांडतात, तिथे मॉडेल अंदाज करत होते. केस, गवत, कापडाची वीण आणि लहान अक्षरे या चित्रात उजळून येतात. शेवटच्या ओळीतले `-auto-level` फरक ताणून दाखवते, त्यामुळे उजळपणा पाहून घाबरू नये. तो कुठे आहे ते पाहावे.

अक्षरांचा प्रश्न मराठी माणसाला विशेष जवळचा. ही मॉडेले अक्षरे वाचत नाहीत. त्यांना फक्त रेघा दिसतात. देवनागरीत तर पुष्कळ अर्थ अगदी बारीक खुणांत असतो. शिरोरेषेवरचा अनुस्वार धुळीच्या कणासारखा पुसला जातो, ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी यांच्यातला फरक एका वळणाचा, तो सरळ होतो. दुकानाची पाटी मोठी केली की दुरून देवनागरी वाटणारी, पण कुठल्याच भाषेत न वाचता येणारी अक्षरे दिसतात, ती यामुळे. ही ठळक चूक म्हणून उपयोगी आहे: अक्षरे बिघडली असतील, तर त्याच आकाराचे डोळे आणि दागिनेही बिघडले असणार, फक्त ते बिघडलेले कळत नाहीत.

कागदाचा पोतही असाच फसवतो. काही जुने स्टुडिओ प्रिंट रेशमी, खडबडीत पोताच्या कागदावर असत. स्कॅनमध्ये त्याच्या बारीक चौकटी येतात आणि मॉडेल त्यांतून गालावर जाळी विणते. वर्तमानपत्रातून कापून ठेवलेल्या फोटोचे तर सगळे चित्रच छपाईच्या ठिपक्यांचे असते. पानशेतच्या पुराचे कात्रण थेट मॉडेलला दिले, तर ठिपक्यांचे पाणी, ठिपक्यांची खडी आणि ठिपक्यांची त्वचा तयार होते. अशा वेळी आधी चित्र इतके लहान किंवा मऊ करावे लागते, की ठिपके एकमेकांत मिसळतील, आणि मगच मोठे करायचे. कात्रणात मुळात जेवढे होते तेवढेच हाती लागते, पण निदान खोटे पोत येत नाहीत.

हे सगळे करून झाल्यावर घरात लावायच्या प्रतीसाठी एक साधा उपाय उरतो, आणि तो बऱ्याच जाणत्यांचा नेहमीचा आहे. मॉडेलचे चित्र आणि बायक्युबिकने मोठे केलेले चित्र एकावर एक ठेवून निम्मे-निम्मे मिसळायचे. पापण्यांचा खोटा लखलखाट उतरतो, मूळचा दाणा थोडा परत येतो, आणि भिंतीवर हातभर अंतरावरून फोटो चांगलाच दिसतो. चेहऱ्यावर मॉडेलचा वाटा आणखी कमी ठेवावा, कपड्यांवर आणि भिंतीवर जास्त ठेवला तरी चालतो. मूळ स्कॅन, मोठे केलेले चित्र आणि मिसळलेले चित्र या तीन फायली वेगळ्या ठेवायच्या. नावातच स्कॅनचे डीपीआय, मॉडेल आणि पट लिहायचे, उदाहरणार्थ `shala_600dpi_x4plus_4x.png`. दहा वर्षांनी ही फाईल ज्याच्या हाती पडेल त्याला तिच्यातले काय कागदावरचे आणि काय मागून आलेले हे त्यावरून शोधता येते.

आता त्या पाटीकडे परत येऊ. फिरून आलेल्या ६४० पिक्सेलांच्या फोटोतून मॉडेलने पाटीवर स्वच्छ १९५९ काढले असे समजू. आरशाच्या चित्रातून १९५१ निघाले. शेवटचा आकडा दोन्हींत ठळक, दोन्हींत सुबक, आणि फरकाच्या चित्रात नेमका तोच पांढराफटक उजळलेला. कागद मिळवून ६०० डीपीआयने स्कॅन केला तेव्हा त्या आकड्याला चोवीस पिक्सेल मिळाले, पण खडूची रेघ शेवटाला पुसट होती. १ ची शेपटी की ९ चे वळण, हे मोठे न करताही ठरत नव्हते आणि मोठे करूनही नाही. आठ वर्षांचा फरक म्हणजे आजोबा पहिल्या रांगेतला मुलगा की फोटोतच नाहीत, एवढा फरक. शाळेत जनरल रजिस्टर असते. नाव, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख त्यात एका ओळीत लिहिलेली असते. गाव उठले तरी दप्तर शाळेबरोबर गेलेले असण्याची शक्यता असते. फोटोखालची ओळ त्या रजिस्टरातली नोंद पाहूनच लिहायची, आणि तोवर सालाच्या शेवटच्या आकड्याच्या जागी कंसात प्रश्नचिन्ह ठेवायचे: १९५(?).